‘शंभर यार्ड’ : प्रयोगाआधी वाचायचं

गुटख्यावरचं पथनाट्य कसं संपणार, हे कॉलेजातल्या पोरांना दुसऱ्याच मिनिटाला कळलेलं असतं. एक मुलगा पुडी फाडतो, मित्र त्याला भरीला घालतात, मग खोकला, मग डॉक्टर, मग पदर डोळ्यांना लावलेली आई. शेवटी काळी शाल पांघरून यमराज येतो आणि सगळे मिळून घोषणा देतात. यमराज आला की पोरं हसतात, कारण तो वर्गातलाच कोणीतरी असतो आणि त्याची मिशी निघत असते. घोषणा संपते, टाळ्या पडतात आणि रिंगणातली निम्मी पोरं फाटकाबाहेरच्या ठेल्याकडे वळतात. त्यांनी नाटक पाहिलेलं असतं आणि त्यातलं मरण दुसऱ्याचं होतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं.

‘शंभर यार्ड’ लिहिताना यमराजाला सुट्टी द्यायची, एवढं आधी ठरलं. यात कोणी मरत नाही. खोकत नाही. कोणाची आईसुद्धा येत नाही. वीस मिनिटांचं हे नाटक तीन माणसांभोवती फिरतं : फाटकाबाहेरचा ठेलेवाला, त्याला हटवायला निघालेल्या विद्यार्थ्यांचा म्होरक्या म्हणजेच आपला सूत्रधार, आणि पंचनाम्याची वही घेऊन फिरणारे एक साहेब. बाकी सहा-सात जण कोरस. शेवटी एक कलाटणी आहे. ती या प्रस्तावनेत उघड करणार आहे, कारण हे पुस्तक प्रेक्षकांसाठी नाही, प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे. कलाटणी कशावर उभी आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो ती बसवताना हमखास मोडतो.

पहिला भाग कायद्याचा आहे, आणि तिथेच बहुतेक संहिता घसरतात. दोन वेगळे कायदे आपण एकात कालवतो. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे ती अन्नसुरक्षा कायद्याखाली. जुलै २०१२ मध्ये राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांनी गुटखा आणि पानमसाल्यावर एक वर्षाच्या बंदीचा आदेश काढला, आणि तेव्हापासून असे आदेश पुन्हा पुन्हा काढले गेले. २०१३ पासून त्यांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावाही आले. या बंदीला अंतराची अट नाही. कॉलेजच्या दारात विकलेला गुटखा जितका बेकायदा, तितकाच पांढरकवड्याच्या हायवेवर विकलेला. दुसरा कायदा २००३ चा, तंबाखूजन्य पदार्थांचा. त्याच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या कोणालाही तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे तीनशे फूट, साधारण ९१ मीटर. हे कलम मोडलं तर दंड दोनशे रुपयांपर्यंत.

नाटकातली पोरं हे दोन्ही कायदे एकत्र करतात आणि ठेला शंभर यार्डांपलीकडे ढकलला की जिंकलो, असं धरून चालतात. त्यांच्याकडे दहा फुटांची दोरी आहे, तिला दहा गाठी, एक गाठ म्हणजे दहा यार्ड. रिंगणात फाटक म्हणून दोन मुली हात वर करून उभ्या असतात, तिथून दोरी लावली जाते. ठेलेवाला दहावी गाठ बघतो, त्याच्या बाहेर दोन पावलं जाऊन बसतो आणि दात दाखवतो. मग कोरसमधल्या एकीच्या लक्षात येतं की तो फाटकापासून लांब असला तरी कॉलेजच्या मागच्या भिंतीला टेकून बसला आहे. नियमाप्रमाणे अंतर संस्थेच्या हद्दीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत चहूबाजूंना मोजायचं असतं, फाटकापासून रस्त्याच्या वळणावळणाने नाही. म्हणून पोरं भिंत बनून हात धरतात, दोरी चारी बाजूंनी फिरते आणि ठेलेवाला पाट डोक्यावर घेऊन रिंगणभर पळतो. हा प्रसंग हसवणारा आहे आणि तो तसाच जोरात करावा. हसता हसता अंतर मोजायची रीत डोक्यात राहते, आणि एखाद्या कॉलेजच्या पोरांना आपल्या मागच्या भिंतीकडे बघावंसं वाटलं तर चांगलंच.

याच भागात साहेब येतात. ठेलेवाल्याच्या पाटावर दोन वेगळ्या पुड्या आहेत. त्याचं म्हणणं संहितेत असं आहे :

‘साहेब, मी गुटखा कुठी इकतो? हे सुपारी हाये, हे तंबाखू हाये. पोरं तोंडात काय मिसयतात ते मले काय माहीत? मी काय त्यायच्या तोंडात बसतो?’

हे केवळ विनोदासाठी नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येत नाही, आणि गुटख्यावरच्या बंदीचा मूळ आधार तोच. म्हणून मिश्रण फोडून दोन पुड्यांत विकायची पळवाट निघाली : एकीत मसाला, दुसरीत तंबाखू, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तोंडाचं. आपल्या राज्याच्या आदेशांत पानमसालाही आहे आणि सुगंधित तंबाखूही, त्यामुळे कागदावर ही पळवाट बुजलेली आहे. तरी ठेलेवाल्याचा युक्तिवाद प्रेक्षकांना पटला पाहिजे. तो पटला नाही तर पुढचं काहीच पटणार नाही. ठेलेवाल्याला खलनायक करू नका. त्याचं दोरीशी भांडण आहे, पोरांशी नाही. पोरांची नावं त्याला पाठ आहेत.

दुसऱ्या बाजूला सूत्रधार. तोही खरंच बोलतो. नाटकात तो तीनदा सांगतो : ‘मी तंबाखूला हात लावत नाही.’ तीनही वेळा ते शंभर टक्के खरं आहे. त्याने आयुष्यात तंबाखू खाल्लेला नाही, गुटख्याची पुडी फाडलेली नाही, खर्रा तोंडात धरलेला नाही. तो फक्त सुपारी खातो. साधी, भाजलेली, बिनवासाची सुपारी. जेवल्यावर एक, लेक्चर संपल्यावर एक, तालमीत दोन. त्याला अन्नसुरक्षेचा आदेश अडवत नाही आणि शंभर यार्डांची दोरीही अडवत नाही. प्रेक्षक मात्र वीस मिनिटं फक्त तंबाखूकडे बघत राहतात, कारण सूत्रधारच त्यांना तिकडे बघायला सांगतो.

कलाटणी इथे आहे. सूत्रधाराचं तोंड उघडत नाही.

या रोगाला दंतवैद्य ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या त्वचेखालच्या पेशी जास्त कोलॅजन तयार करू लागतात. सुपारीतलं तांबं त्या कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांत घट्ट बांधायला मदत करतं आणि सुपारीतली तुरट द्रव्यं ते तंतू झिजू देत नाहीत. तयार होणं वाढतं, झिजणं कमी होतं. गालाच्या आत फिकट, संगमरवरासारखे पट्टे येतात आणि ताणले जाणारे गाल ताणेनासे होतात. पहिली तक्रार तोंड उघडण्याची नसतेच. ती असते ठेचा खाताना आग होण्याची. त्यानंतर मोठा घास जड जातो, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही. तंबाखू नसला तरी हे होतं. गुटख्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही असतात, म्हणून तिथे धोका दुहेरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या आपल्या अहवालात निव्वळ सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. हे पट्टे पडलेल्या काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो. सुपारी सोडली तर वाढ थांबू शकते. पडलेले पट्टे मात्र आपोआप विरघळत नाहीत. व्यायाम, इंजेक्शनं, कधी शस्त्रक्रिया यांनी तोंड थोडं मोकळं करता येतं.

एवढं वैद्यकशास्त्र दिग्दर्शकाला माहीत असलं पाहिजे, पण त्यातला एक शब्दही रिंगणात बोलायचा नाही. रिंगणात फक्त कृती ठेवल्या आहेत. कलाटणी न्याय्य वाटायची तर तिच्या खुणा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आधीपासून हव्यात, आणि पथनाट्यात खुणा ठेवणं रंगमंचापेक्षा अवघड असतं. इथे प्रेक्षक चारी बाजूंना असतात, म्हणून अर्ध्या लोकांना नटाची नेहमी पाठच दिसते. निम्मे लोक उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या तीन मिनिटांत घडलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यात माइक नसतो आणि बसस्थानकाजवळच्या कॉलेजात दर मिनिटाला हॉर्न वाजतो. म्हणून चेहऱ्यावरची खूण चालत नाही आणि एकदाच दिलेली खूण तर मुळीच चालत नाही.

संहितेत तीन खुणा आहेत आणि प्रत्येक दोनदा येते. पहिली शिट्टीची. गर्दी जमवायला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची, हे काम कोणत्याही पथकात म्होरक्याचं. आपला सूत्रधार मात्र हात वर करतो आणि म्हणतो, ‘मार रे शिट्टी!’ शिट्टी कोरसमधला पोरगा मारतो. दोरीच्या प्रसंगानंतर पुन्हा तसंच. प्रेक्षकांना वाटतं, नेता आहे, हुकूम सोडतो. दुसरी खूण समोशाची. मोहिमेच्या बैठकीत सगळे समोसा कचकन तोडून खातात, सूत्रधार बोटांनी तुकडे करून एकेक आत सरकवतो आणि हिरवी मिरची शेजाऱ्याच्या हातात ठेवतो. त्यावर कोरस त्याला ‘पाहुणे’ म्हणून चिडवतो, म्हणजे खूण विनोदाखाली झाकली जाते. तिसरी आवाजाची. घोषणा नेहमी कोरस देतो, सूत्रधार फक्त डफ वाजवतो. बोलताना त्याच्या वरच्या-खालच्या दातांत दीड बोटापेक्षा जास्त फट पडता कामा नये. नटाने हे तालमीत आरशासमोर पक्कं करावं आणि मग विसरून जावं. उच्चार थोडे चेपल्यासारखे येतील, तेवढे पुरेत. तोंडात बोळा ठेवल्यासारखं बोललात तर तिसऱ्याच मिनिटाला गुपित फुटेल.

आता शेवट. तो संहितेत दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा खोटा. ठेला दोरीच्या पलीकडे गेला, साहेबांनी दोनशे रुपयांची पावती फाडली, पोरांनी डफ वाजवला. इथे प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि त्यांना वाजवू द्यायच्या. नाटक संपलं असं त्यांना वाटायलाच हवं. काही जण उठतील, पिशव्या खांद्याला लावतील. सूत्रधार कोरसला म्हणतो, ‘मार रे, शेवटची शिट्टी मार!’ तेवढ्यात दोरीपलीकडून ठेलेवाला बोलतो, ‘भाऊ, आज तू मार ना.’ सूत्रधार हसून टाळतो. कोरसही आग्रह करतो, त्यांना वाटतं गंमत चालली आहे. तो दोन बोटं तोंडाशी नेतो. नुसती हवा. पुन्हा नेतो. पुन्हा हवा.

मग ठेलेवाला रिंगणात येतो. आतापर्यंत तो दोरीबाहेर होता, आता कोणी त्याला अडवत नाही. तो म्हणतो, ‘शिट्टी राहू दे. तीन बोटं जातात का? उभी?’ आणि स्वतःची तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक उभी धरून दाखवतो. सूत्रधाराची दीड बोटं जातात. त्यावर ठेलेवाल्याचं शेवटचं वाक्य :

‘तंबाखू खात नाही मने. खरं हाये. याले म्या कधीच तंबाखू नाही देल्ला. रोजच्या आठ पुड्या सुपारी नेते हा. त्याले तुमची दोरी कुठी लागते?’

यानंतर संवाद नाही. कोरसमधला प्रत्येक जण, एकेक करून, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघतो. कोणाची जातात, एकाची अडतात. घोषणा नाही, डफ नाही. नट थेट गर्दीत मिसळतात. नाटक संपलं हे कोणी जाहीर करत नाही.

या शेवटाचा हेतू असा की प्रेक्षकाचा हात त्याला कोणी न सांगता त्याच्या तोंडाकडे जावा. विदर्भात ही रीत नवी नाही. गाडगेबाबा, ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाशी यवतमाळ जिल्ह्यातली कॉलेजं जोडलेली आहेत, कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त करायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं, आणि लोक जे बोलले ते मग त्यांना नाकारता यायचं नाही. आपल्या नाटकात प्रश्न बोटांनी विचारला आहे, एवढाच फरक.

पण या जागी दोन धोके आहेत, आणि ते प्रयोगाआधी समजून घेतले पाहिजेत. पहिला लाजेचा. गर्दीत एखादा असेलच ज्याची तीन बोटं जाणार नाहीत, आणि ते त्याला त्या क्षणीच कळेल. त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही, त्याला रिंगणात ओढायचं नाही, ‘कोणाची जात नाहीत, हात वर करा’ असं म्हणायचं नाही. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याने शेवटच्या दोन मिनिटांत कॅमेरा गर्दीकडे वळवायचा नाही, हे पथकात आधीच ठरवून घ्या. दुसरा धोका घाईच्या निदानाचा. तीन बोटांची ही खूण ढोबळ आहे. अक्कलदाढ दुखत असेल, जबड्याचा सांधा धरला असेल, तरी तोंड कमी उघडतं. उलट आजाराच्या सुरुवातीला तीन बोटं आरामात जातात आणि फक्त तिखटाने आग होत असते. म्हणून नट गर्दीत मिसळल्यावर विचारणाऱ्याला एकच सांगायचं : तिखटाने आग होत असेल किंवा बोटं अडत असतील तर दंतवैद्याला दाखव. यवतमाळहून नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठता येतं, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी विचारता येतं. तंबाखू सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, त्यामुळे पुडी हातात असलेल्यालाच तो पहिला दिसतो.

पथकाला आणखी एक मोह होतो : हे नाटक खऱ्या ठेल्यासमोर, खऱ्या ठेलेवाल्याला न सांगता करायचं. ते करू नका. तिथे जमलेली गर्दी नाटक बघत नाही, भांडण बघते, आणि प्रसंग चिघळला तर मार नटालाही बसतो आणि ठेलेवाल्यालाही. फाटकाच्या आत, मैदानात, पार्किंगच्या मोकळ्या जागेत करा. खऱ्या पुड्या वापरू नका. कोऱ्या कागदाच्या पुड्या करा. कोणत्याही ब्रँडचं नाव रिंगणात दिसलं तर प्रेक्षकाच्या नजरेपुढे त्याची जाहिरातच होते. खर्रा घोटण्याचा अभिनय प्लॅस्टिकच्या पन्नीवर तळहात घासून करता येतो. पाटाखाली गोणपाट ठेवलं की घासण्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. पन्नीत काहीच नसलं तरी तो आवाज सगळ्यांना ओळखू येतो.

अकरावी-बारावीची मुलं प्रेक्षकांत असतील तर साहेबांचा प्रसंग तीन वाक्यांनी वाढवायची सोय संहितेत दिली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणाऱ्यावर २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७७ वं कलम लागू होऊ शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. दोनशे रुपयांच्या पावतीनंतर हा आकडा आला की ठेलेवाल्याची बेफिकिरी उतरते, आणि प्रेक्षकांतल्या मोठ्या मुलांना आपण धाकट्या भावाकडून पुडी आणवतो हे आठवू शकतं. कनिष्ठ महाविद्यालय नसेल तर हा भाग गाळा. नाहीतर नाटक कायद्याच्या वर्गासारखं लांबतं.

भाषा यवतमाळकडची वऱ्हाडी आहे. पुसद-उमरखेडकडे बोलीत मराठवाड्याचा वळसा येतो, वणी-झरीकडे बोली थोडी वेगळी पडते. आपापल्या गावाप्रमाणे ठेलेवाल्याचे संवाद बदला. साहेबांची भाषा कार्यालयीनच ठेवा, त्यात बोली घातली तर ते विनोदी होतात आणि पावतीचा प्रसंग पडतो. सूत्रधार प्रमाण भाषा बोलतो, कारण भाषणं देणाऱ्या पोरांची भाषा तशीच असते. सूत्रधाराची भूमिका मुलीने केली तरी चालते. साध्या सुपारीची सवय मुलींतही आहे आणि ‘मी तंबाखूला हात लावत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून प्रेक्षक आणखी सहज मानतील.

शेवट जमला की नाही, हे टाळ्यांवरून कळणार नाही. खोट्या शेवटाला टाळ्या पडल्या आणि खऱ्या शेवटाला पडल्या नाहीत, तर प्रयोग नीट झाला. उलटं झालं तर शिट्टीची खूण प्रेक्षकांपर्यंत पोचलेली नाही; पुढच्या प्रयोगात कोरसच्या पहिल्या शिट्टीआधी सूत्रधाराला रिंगणाच्या मध्ये आणून उभं करा आणि हात वर करून तीन सेकंद थांबायला लावा. आणि यमराजाची हौस असलेला नट तुमच्या पथकात असेलच, तर त्याला साहेबांची वही द्या.